गणदोष, त्याचा परिहार आणि एका नाकारलेल्या स्थळाविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया : «नुसत्या गणदोषावरून स्थळ सोडू नये, असे तुम्ही लिहिता. मनुष्य-राक्षस जोडीला ग्रंथात मृत्यू सांगितला आहे, तो काय उगाच? प्रत्येक दोषाला अपवाद काढला की यजमानही खूश आणि ज्योतिषीही खूश. मग गणाला सहा गुण ठेवलेच कशाला? माझ्या भावाचे नक्षत्र अनुराधा, आलेल्या मुलीचे ज्येष्ठा. देव आणि राक्षस. आम्ही नकार कळवला आणि योग्यच केले, असे मला वाटते.»

नमस्कार. आपण ग्रंथाचा आधार घेऊन आक्षेप घेतला आहे, म्हणून ग्रंथापासूनच सुरुवात करतो. राम दैवज्ञांनी इ. स. १६०० च्या सुमारास काशीत रचलेल्या मुहूर्तचिंतामणीच्या विवाहप्रकरणात देव, मनुष्य आणि राक्षस या तीन गणांचे फळ थोडक्यात सांगितले आहे. स्वगणात उत्तम प्रीती, देव आणि मनुष्य यांच्यात मध्यम प्रीती, मनुष्य आणि राक्षस यांच्यात मृत्यू, तर देव आणि राक्षस यांच्यात वैर, असा त्याचा आशय आहे. म्हणजे आपण उल्लेखिलेला मृत्यू ग्रंथात खरोखरच आहे. मात्र तो आपल्या भावाच्या जोडीला लागू नाही, तिथे वैर सांगितले आहे. दुसरे असे की वर कोणत्या गणाचा आणि वधू कोणत्या गणाची, असा भेद त्या वचनात केलेला नाही. आपल्याकडे मात्र मुलगा राक्षसगणी असला तर «जरा तापट आहे» म्हणून पुढे बोलणी होतात आणि मुलगी राक्षसगणी निघाली की पत्रिका परत येते. हा भेद व्यवहारात शिरलेला आहे आणि त्याने अनेक मुलींवर अन्याय झाला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मृत्यू हा शब्द अक्षरशः घ्यायचा का, याचा विचार गणिताने करून पाहावा. सत्तावीस नक्षत्रांपैकी प्रत्येक गणाकडे नऊ नक्षत्रे येतात आणि चंद्र प्रत्येक नक्षत्रात साधारण एक दिवस असतो. त्यामुळे गण न पाहता विवाह ठरवले, तर नऊ जोड्यांपैकी सुमारे दोन जोड्या मनुष्य-राक्षस अशा निघतील आणि आणखी दोन देव-राक्षस. समाजातील मोठा वर्ग पत्रिका न पाहताच विवाह करतो. त्या वर्गात दर नऊ घरांपैकी दोन घरे या एका कारणाने उद्ध्वस्त झाली असती, तर ते कोणाच्याही नजरेतून सुटले नसते. म्हणून हे वचन निषेधाची तीव्रता दाखवणारे आहे, असेच मी मानतो.

आता अपवादाविषयी. तो कोणा ज्योतिषाने यजमानासाठी शोधून काढलेला नाही. ज्या विवाहप्रकरणात दोष सांगितला आहे, त्याच प्रकरणात परिहारही दिला आहे: दोघांच्या राशिस्वामींची मैत्री असेल किंवा नवमांशस्वामींची मैत्री असेल, तर गणदोष मानू नये. या नियमामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. गण जन्मनक्षत्रावरून, म्हणजे चंद्राच्या स्थानावरून ठरतो आणि त्यातून स्वभावाचा पोत पाहिला जातो. देवगणी माणूस मृदू, जुळवून घेणारा, मनातले मनातच ठेवणारा. मनुष्यगणी व्यवहारी आणि मिश्र वृत्तीचा. राक्षसगणी स्पष्टवक्ता, हट्टी, आपले म्हणणे रेटणारा, असे वर्णन केले जाते. ग्रहमैत्रीही चंद्रावरूनच पाहतात, पण चंद्र ज्या राशीत आहे तिच्या स्वामीवरून, आणि त्यातून दोन मनांची एकवाक्यता तपासली जाते. गण आणि ग्रहमैत्री ही गुणमेलनाच्या आठ कसोट्यांपैकी, म्हणजे कूटांपैकी, दोन; ही दोन्ही कूटे मनाचीच परीक्षा घेतात. स्वभाव भिन्न असूनही मने जुळत असतील, तर वाद झाले तरी ते मिटतात. स्वभावही भिन्न आणि मनेही विरुद्ध असतील, तर मिटण्याला आधार उरत नाही. हा परिहार पत्रिकेवर तपासता येतो आणि तो प्रत्येक वेळी मिळतोच असे नाही, ही गोष्ट आपल्या आक्षेपाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

तो मिळत नाही असे उदाहरण घेऊ. वराचे हस्त नक्षत्र, दुसरा चरण, कन्या रास. वधूचे कृत्तिका नक्षत्र, पहिला चरण, मेष रास. हस्त देवगणी, कृत्तिका राक्षसगणी. राशिस्वामी बुध आणि मंगळ; मंगळाला बुध शत्रू आणि बुधाला मंगळ सम, म्हणजे मैत्री नाही. नवमांश पाहिला तर वराचा वृषभ आणि वधूचा धनू, म्हणजे शुक्र आणि गुरू. गुरूला शुक्र शत्रू, त्यामुळे तिथेही आधार नाही. शिवाय मेष आणि कन्या या राशी एकमेकींपासून सहाव्या-आठव्या येतात, म्हणून त्यांचे मृत्युषडाष्टक हा अशुभ योग होतो. अशा जोडीत गणदोष जसाच्या तसा उभा राहतो आणि मी स्वतः ते स्थळ सुचवणार नाही. गणाला सहा गुण कशाला, याचे उत्तर या पत्रिकांत आहे.

आता आपल्या भावाचे स्थळ. अनुराधा आणि ज्येष्ठा ही दोन्ही नक्षत्रे पूर्णपणे वृश्चिक राशीत येतात. रास एकच, म्हणजे स्वामीही एकच, मंगळ. मैत्रीहूनही हा आधार पक्का आहे, म्हणून गणदोषाचा परिहार इथे निर्विवाद होतो. बाकीची कूटे मांडली तर वर्णाचा १, वश्याचे २, ताऱ्याचे ३, दोन्ही नक्षत्रांची योनी मृग म्हणून योनीचे ४, ग्रहमैत्रीचे ५, एकराशी म्हणून राशिकूटाचे ७, आणि अनुराधेची मध्य नाडी, ज्येष्ठेची आद्य नाडी म्हणून नाडीचे ८ गुण मिळतात. गणाचे काही कोष्टकांत १, तर काहींत ० धरतात. तो शून्य धरला तरी छत्तीसपैकी तीस गुण होतात, आणि साधारणतः अठरा गुणांवर स्थळाचा विचार करतात. गणाखेरीज प्रत्येक कूटात पूर्ण गुण असलेली अशी पत्रिका वारंवार येत नाही. मंगळ, सप्तमस्थान आणि इतर बाबी अर्थातच वेगळ्या तपासायला हव्यात. पण केवळ गणावरून दिलेला नकार मला शास्त्राला धरून वाटत नाही.

आणखी एक बाब नकार कळवण्यापूर्वी पाहायला हवी होती. आपण नक्षत्र कोणत्या पंचांगावरून काढले? राशिचक्राचा आरंभबिंदू कुठे धरायचा, हे अयनांशावरून ठरते; महाराष्ट्रात बहुतेक घरांत चित्रापक्षीय अयनांशाची पंचांगे चालतात, तर टिळक पंचांग रैवतपक्षाचे आहे. दोन्हींत सुमारे चार अंशांचा फरक आहे आणि चंद्राला तेवढे अंतर कापायला साधारण सात तास लागतात. म्हणजे आपल्या पंचांगाप्रमाणे अनुराधा संपायला सात तासांहून कमी वेळ उरलेला असताना भावाचा जन्म झाला असेल, तर टिळक पंचांगाप्रमाणे त्याचे नक्षत्र ज्येष्ठा येईल आणि तो स्वतःच राक्षसगणी ठरेल. मुलीचे नक्षत्र ज्येष्ठाच राहिले किंवा पुढे सरकून मूळ झाले, तरी तिचा गण राक्षसच राहतो, कारण मूळही त्याच गणात मोडते. मात्र मूळ आल्यास तिची रास धनू होईल आणि बाकीची कूटे नव्याने मांडावी लागतील. मी चित्रापक्ष वापरतो आणि आपणही तोच वापरत असाल, तर वरचा हिशेब कायम राहील. तरीही भावाच्या जन्मवेळेनंतर अनुराधा किती तास शिल्लक होते, ते त्या वर्षीच्या पंचांगात पाहावे, आणि मुलीकडच्यांनी अजून दुसरीकडे शब्द दिला नसेल, तर दोघांचे चरण घेऊन पत्रिका पुन्हा मांडाव्यात.