कॅब अ‍ॅपच्या राइड पासच्या सवलतीबद्दल खुलासा

"पास घेतला की महिनाभर प्रत्येक राइडवर 20 टक्के सूट मिळते, कितीही फिरा."

असं सरसकट होत नाही. बहुतेक पासमध्ये टक्क्यांशेजारी प्रत्येक राइडची कमाल सूट बारीक अक्षरात दिलेली असते, आणि खरा हिशोब तिथेच बदलतो. समजा ती मर्यादा 40 रुपये आहे. 150 भाड्यावर 30 सुटतात, म्हणजे पूर्ण 20 टक्के. पण 500 भाड्यावर 100 नव्हे, 40च सुटतात. म्हणजे फक्त 8 टक्के. त्यामुळे लांबच्या प्रवासासाठी असा पास घेणं मला तरी पटत नाही.

शिवाय राइडची संख्या ठरलेली असते. दहा राइडचा पास रोज जाऊन-येऊन वापरला, तर पाच दिवसांत संपतो. मुदतीचे उरलेले दिवस मग काहीच देत नाहीत. उलट मुदत संपली, तर उरलेल्या राइडही सहसा बुडतात.

शेअर, भाड्याने तासभर घेतलेली किंवा शहराबाहेर जाणारी गाडी अनेकदा वगळलेली असते. बुकिंगपूर्वी गाडीचा प्रकार निवडल्यावर भाडं कमी झालेलं दिसलं नाही, तर त्या राइडला पास लागू नाही असं समजा आणि अटी उघडून पाहा.