रिप्लाय-पेड

रविवारी सकाळी गंगापूर रोडवरच्या एका मिसळीच्या ठिकाणी हातात ४७ नंबरचं टोकन घेऊन मी उभा होतो. तेवढ्यात सत्तरी ओलांडलेल्या एका अनोळखी गृहस्थांनी माझ्या खांद्यावरून मान पुढे काढून विचारलं, "ही हम्म कोण?"

हम्म हे कुणाचं नाव नाही. ते उत्तर होतं. डेटिंग ॲपवर अकरा दिवसांपूर्वी मॅच झालेली एक मुलगी. राहते इंदिरानगरला, फोटो पांडवलेणीच्या पायऱ्यांवरचा, आणि माहितीत एकच ओळ: 'टाइमपास नको.' मला ही ओळ आवडली होती. टाइमपास टाळायचा तिचा मार्ग म्हणजे शब्दच न वापरणं, हे तेव्हा कुठे माहीत होतं! हो. नाही. छान. अच्छा. हम्म. एकदा अंगठा आला. त्या दिवशी मी ऑफिसात दोन चहा जास्तीचे प्यालो.

तर त्या सकाळी मी तिला गोदावरीच्या पुराबद्दल लिहिलं होतं. नाशकात पूर मीटरने मोजत नाहीत, दुतोंड्या मारुतीने मोजतात. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, यावर अख्खं गाव ठरवतं की घाबरायचं की बघायला जायचं. मी चांगला परिच्छेदभर मजकूर लिहिला, लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून पूर पाहिल्याची आठवण घातली, आणि शेवटी विचारलं, "तू गेली होतीस का बघायला?" त्यावर आलेलं ते हम्म. बरं, प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असायला हवं, म्हणजे हम्म हे चुकीचंसुद्धा होतं.

"मॅच आहे काका," मी म्हणालो.

"कुठली? आज तर पाऊस आहे."

समजावून सांगायला लागलो तोवर टोकन पुकारलं गेलं. रविवारी तिथे एकट्या माणसाला एकटं टेबल मिळत नाही, त्यामुळे काका समोर येऊन बसले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, मांडीवर कापडी पिशवी. बसल्याबसल्या त्यांनी पोऱ्याला तर्री वेगळी आणायला सांगितली, स्वतःचा पापड मिसळीवर चुरला, आणि मग हात पुढे केला. "दाखव."

मी फोन का दिला, हे मला आजही नीट सांगता येत नाही. अकरा दिवसांत मला दुसऱ्या कुणी काही विचारलंच नव्हतं, हे एक कारण असेल.

काकांनी चष्मा चढवला आणि वाचायला सुरुवात केली. मोठ्याने. आकाशवाणीवरच्या बातम्यांसारखं, प्रत्येक पूर्णविराम स्वच्छ ऐकू येईल असं.

"जेवलीस का? हो. ऑफिस बरं होतं का? छान. तिकडे पाऊस आहे का? हो." इथे त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "अरे, तू राहतोस कुठे?"

"कॉलेज रोडला."

"आणि ती इंदिरानगरला. मग तुझ्या खिडकीतून दिसत नाही पाऊस?"

शेजारच्या टेबलावरची बाई मुलाला भरवायची थांबली. मुलगाही तोंड उघडं ठेवून ऐकत होता.

"मी चौतीस वर्षं तार ऑफिसात काढली," काका म्हणाले. "शब्द मोजायचे आणि पैसे घ्यायचे. पत्त्याचेसुद्धा शब्द मोजले जायचे, म्हणून मोठ्या पेढ्या वर्षाचे पैसे भरून एका शब्दाचा पत्ता घेऊन ठेवायच्या. त्यामुळे एका शब्दाचं मला तू सांगू नकोस. पोरगा परगावी गेला की 'पोचलो' एवढीच तार यायची. एक शब्द. पण आई त्या रात्री झोपायची. शब्द किती आले ते बघायचं नाही. शब्दाने काय आणलं ते बघायचं."

"मग या हम्मने काय आणलं?"

काकांनी पावाचा तुकडा रश्श्यात बुडवला, तो पूर्ण भिजेपर्यंत विचार केला. "पावती. तुझी तार पोचल्याची पावती आहे ही. उत्तर नाही."

एवढं नेमकं निदान मला माझ्या तीन विवाहित मित्रांपैकी एकानेही दिलं नव्हतं. त्यातला एक म्हणाला होता, मुली सुरुवातीला अशाच असतात. त्याचं लग्न कांदेपोह्यांतून झालेलं आहे, तेव्हा त्याच्या बायकोनेही सगळ्यांसमोर फक्त हो आणि नाही एवढंच म्हटलं होतं, पण तिच्या बाजूला तिची सबंध आत्या-मावशी कमिटी उत्तरं द्यायला बसलेली होती. माझ्या मॅचकडे आत्या नाही. ॲपमध्ये ती सोय अजून नाही.

"आता तुझी चूक," काका म्हणाले. ही वेळ येणार हे मला माहीत होतं. "पूर्वी उत्तराचे पैसे आपणच आधी भरायची सोय होती. रिप्लाय-पेड म्हणायचे. समोरच्याने फक्त फॉर्मवर लिहायचं. मग तो लिहायचा, कारण फुकट होतं. तू सगळ्या रिप्लाय-पेड पाठवतोयस. जेवलीस का, याचं उत्तर तू प्रश्नातच भरून दिलंयस. तिने फक्त सही करायची."

रात्री घरी बसून मी मोजलं. एकूण २९ प्रश्न विचारले होते, त्यातले २२ हो-नाहीचे. म्हणजे एकशब्दी उत्तरं तिची कमी आणि माझ्या प्रश्नांची जास्त होती, असं म्हणता येईल. म्हणता येईल, पण मला म्हणायचं नाहीये, कारण उरलेल्या सात मोकळ्या प्रश्नांपैकी सहांनाही 'काही खास नाही'च मिळालं होतं.

सातव्यावर मात्र काकांचं बोट थांबलं. मी विचारलं होतं, सगळ्यात वाईट ट्रेक कुठला झाला? आणि उत्तर होतं: साल्हेर.

"ही बघ," काका टेबलावर बोट आपटत म्हणाले. "ही तार आहे. एकच शब्द, पण आत माल आहे. महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, आपल्याच जिल्ह्यातला, आणि ही म्हणते तो वाईट. का वाईट? पाय मुरगळला? पाणी संपलं? बरोबरच्याशी भांडण झालं? आणि तू काय लिहिलंस?"

मी काय लिहिलं होतं ते त्यांनी वाचून दाखवलं. मी साल्हेर दोनदा केला आहे, पहाटे तीनला निघालो होतो, वर परशुरामाच्या मंदिरापाशी वारा कसा होता, माझे बूट कोणते होते, वगैरे. ते संपायला वेळ लागला. मध्ये त्यांनी एकदा पाणी प्यायलं.

"तिने दार किलकिलं केलं," काका म्हणाले, "आणि तू आपलं सामान आत ठेवायला सुरुवात केलीस."

शेजारची बाई हसली. मी पापड खायला गेलो तर तो काकांनी केव्हाच उचललेला होता.

इथे मला थोडं माझ्या बाजूने बोलायचं आहे. तिला दिवसाकाठी पन्नास जणांचे 'हाय डिअर' येत असतील, अनोळखी माणसाशी जपून बोलणं तिला भाग आहे, हे सगळं मला मान्य आहे. ती माझं काही देणं लागत नाही. पण अकरा दिवसांत तिने मला एकही प्रश्न विचारला नाही. एकही. मी काय करतो, कांदा खातो का, मला भावंडं किती, जिवंत आहे का. रोज सकाळी सुरुवात मी करायची, विषय मी आणायचा, विनोद मी करायचा, त्यावर हसायचंही मीच. अंबडच्या कंपनीत आठ तास घालवून घरी आल्यावर ही दुसरी शिफ्ट, आणि हिचा ओव्हरटाइमही नाही. नको असेल तर नको म्हणावं. नको हाही एकच शब्द आहे.

काकांना मी हे असंच बोलून दाखवलं. ते म्हणाले, "मग विचार की. तिला नको म्हणायला जागा दे." आणि पिशवीतून वीजबिलाचं पाकीट काढून त्याच्या पाठीवर लिहायला बसले. मी सांगत गेलो तो मजकूर पन्नास शब्दांच्या वर गेला. काकांनी खोडायला सुरुवात केली. 'तुला वेळ असेल तर' गेलं. 'मला खूप आवडेल' गेलं. हसरा चेहरा काढायला मी सांगितला तर म्हणाले, याचा दर काय धरायचा? शेवटी उरलं ते असं: "शनिवारी सकाळी दहा. गंगापूर रोड, मिसळ. साल्हेर का वाईट, सांगशील? नको तर नको म्हण."

"चौदा," काका बोटांवर मोजून म्हणाले. "दिवस आहे, वेळ आहे, जागा आहे, हो किंवा नाही म्हटल्यावाचून सुटका नाही. यालाही पावतीच आली, तर पुढे एक शब्दही पाठवायचा नाही."

मी तिथेच पाठवून दिलं. उत्तर मंगळवारी आलं.

बघू.

आता हा शब्द जरा जवळून बघा. बघते, असं तिने लिहिलं असतं तर निदान कुणीतरी एक बघणार होतं. बघूमध्ये आपण सगळे मिळून बघणार असतो, म्हणजे कुणीच बघत नाही. काकांनी हो आणि नाही यांची नाकाबंदी केली होती, आणि मराठी भाषेने मधून बोळ काढून दिला. आमच्याकडे उसने पैसे मागायला आलेल्या माणसाला आजोबा बघू म्हणायचे. तो समजायचा. मला समजायला शनिवारचे दहा वाजावे लागले. मी गेलो होतो. टोकन १२. साडेदहापर्यंत दारातून आत येणारा प्रत्येक पंजाबी ड्रेस मी पाहिला आणि मग जिलबीसकट दोघांची ऑर्डर दिली असती ती एकट्याची दिली. पोऱ्याने विचारलं, "एकच?"

त्यानंतर मी लिहिलेलं नाही. आज नऊ दिवस झाले. तिचंही काही आलेलं नाही. माझा पाऊस थांबला आणि दुतोंड्या मारुतीचे पायसुद्धा भिजले नाहीत.

काकांनी मात्र त्या रविवारी जाताना माझा नंबर घेतला. तार बंद झाली २०१३ च्या जुलैत, आणि तिथे मोजूनमापून वापरलेले सगळे शब्द त्यांनी बहुधा साठवून ठेवले असावेत. पहाटे साडेपाचला गुलाबावर दवबिंदू. सहाला सुविचार. आठला आवळ्याचे फायदे, मग गंगापूर धरणाचा विसर्ग, मग त्यांच्या नातवाचं भाषण, तीन भागांत. संध्याकाळी, "जेवलास का?" माणूस चांगला आहे, माझं भलं चिंततो, पण या सगळ्याला रोज काय उत्तर द्यायचं? मी आपला लिहितो. हो. छान. अच्छा.

काल आवळ्यावर मी हम्म पाठवलं. दोन मिनिटांत उत्तर आलं.

"पावती मिळाली. आठ नंबर कधी?"

शुभेच्छांच्या ठरावीक तारांना नंबर असायचे, हे त्यांनी मला मिसळ खातानाच सांगितलं होतं. एक नंबर दिवाळीचा. आठ नंबर लग्नाचा. मी निळी खूण पडू न देता फोन पालथा ठेवला.