‘नजर’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: “ताई, ‘नजर’ वाचलं. नोंद घ्या, जाऊ नका, रिंग करा! इंदूरच्या निवृत्त मंडळींनी गस्तीला हे नाव घ्यावं? ‘जाऊ नका’ म्हणजे घाबरून बसा. ‘रिंग’ तर मराठीही नाही. त्यापेक्षा ‘रक्षक’ घ्या: रक्षण, क्षमता, कर्तव्य. भारदस्त वाटतं आणि मुलंही पाठ करतील.”

दादा, ‘रक्षक’ भारदस्त आहे, यात वाद नाही. पण रात्री दोन वाजता समोरच्या बंद घराच्या कुलपाशी कोणी वाकलेलं दिसलं, तर ‘क्षमता’ आठवून मी नेमकं काय करू? तिन्ही शब्द गुणांचे आहेत, त्यांत काम एकही नाही. घाबरलेल्या माणसाला पुढची कृती हवी असते. आग विझवायच्या सिलिंडरबरोबर शिकवतात ते ‘पास’ आठवा: पिन ओढा, नळी आगीच्या बुडाशी रोखा, दांडा दाबा, नळी डावी-उजवी फिरवा. मूळ इंग्रजीत चारही क्रियापदं आहेत आणि ती करायच्या क्रमानेच येतात. शिवाय ‘क्ष’ने सुरू होणारे रोजचे शब्द मोजकेच, त्यामुळे ‘क्षमता’ तिथे अर्थासाठी आलेली नाही, अक्षर भरायला आली आहे.

आता ‘नजर’. आपल्या गल्लीत निम्मी घरं मराठी, निम्मी हिंदी, आणि चौकीदाराची भाषा तिसरीच. हिंदीत तेच ‘नोट करो, जाओ मत, रिंग करो’ होतं. अक्षरं तीच, क्रमही तोच, म्हणून फलक एकच पुरतो. ‘रिंग’ मराठी नाही म्हणता, पण आपल्याकडे ‘जरा रिंग दे’ म्हटलेलं न कळणारा म्हातारा मला तरी भेटलेला नाही.

तुमचा खरा राग ‘ज’वर आहे, आणि मला तेच अक्षर सगळ्यात मोलाचं वाटतं. गस्तीतले बहुतेक जण सत्तरीच्या आसपासचे. आरडाओरडा झाला की काठी घेऊन जिना उतरायची सवय जुनी आहे, आणि हात-पाय मोडतात ते तिथेच. कायद्याचंही बघा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 प्रमाणे सामान्य माणसालाही एखाद्याला अटक करता येते. पण जाहीर फरारी सोडला, तर अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा त्याच्या समोर घडत असेल तरच. नंतर विनाकारण उशीर न करता, सहा तासांच्या आत, त्या माणसाला पोलिसांकडे सोपवावं लागतं. कुलपाशी वाकलेला माणूस चोर आहे की पुण्याहून अवेळी परतलेला घरमालकाचा भाचा, हे अंधारात कोण ठरवणार? चुकीचा माणूस धरून चार जणांनी हात टाकला, तर गुन्हा आपल्याच मंडळींवर नोंदला जाईल.

समजा, खरंच तसं दिसलं. आधी ‘न’. आपल्या खोलीतला दिवा न लावता खिडकीतून बघायचं. दिवा लावला की बाहेरचं आपल्याला दिसेनासं होतं आणि आपण मात्र बाहेरच्याला दिसतो. गाडीच्या नंबरातलं ‘एमपी 09’ लक्षात ठेवून उपयोग नाही, इंदुरात तेच सगळीकडे. शेवटचे चार आकडे धरायचे. रंगावर विसंबू नका, पिवळ्या दिव्याखाली निळा शर्टही काळा वाटतो. उंची, चाल, बूट की चप्पल, गाडी कुठल्या दिशेला गेली, हे जास्त टिकतं.

आणि नोंद कृतीची, माणसाच्या अवताराची नाही. सराफ्याच्या खाऊगल्लीत खाऊन लोक मध्यरात्रीनंतर घरी येतात, डिलिव्हरीची मुलं घर शोधत फिरतात. नुसतं ‘अनोळखी पोरगा दिसला’ ही नोंद नव्हे. ‘तीन घरांचे कडी-कोयंडे हलवून पाहिले’ ही नोंद. हे पाळलं नाही, तर गस्त महिन्याभरात गल्लीची डोकेदुखी होते.

मग ‘र’. रिंग 112 वर, आणि तीही व्हॉट्सॲप ग्रुपच्या आधी. ग्रुपवर टाकलं की अर्धे झोपलेले असतात आणि उरलेले ‘कोण? कुठे?’ विचारत बसतात. फोनवर पहिलं वाक्य जागेचं: कॉलनी, गल्ली, जवळची खूण. फोन मध्येच तुटला तरी गाडीला निदान दिशा मिळते. त्यानंतर काय घडतंय ते, आणि शेवटी वर्णन. ‘अजून तिथेच आहेत’ की ‘निघून गेले’, हे आवर्जून सांगायचं.

‘नजर’ची मर्यादाही आहे. भांडण, गॅसचा वास, कोणी जिन्यात पडलं, यांना ती लागू नाही. पडलेल्या माणसाजवळ जायलाच हवं. म्हणून ‘ज’ फक्त संशयिताच्या बाबतीत, हे आम्ही बैठकीत मुद्दाम सांगतो. फलकावर एवढं मावत नाही.

‘रक्षक’ पाहिजेच असेल तर गटाचं नाव म्हणून ठेवा, माझी हरकत नाही. फक्त फलकावर ‘नजर’ राहू दे, आणि तिच्याखाली ठळक अक्षरांत गल्लीचा क्रमांक आणि जवळची खूण. घाबरल्यावर आपलाच पत्ता ओठांवर येत नाही.