शंभरातली ९५ उत्पादनं लाँचनंतरच आपटतात?

फिरणारा मेसेज असा: "१०० नव्या उत्पादनांपैकी ९५ लाँचनंतर आपटतात. आयडिया स्क्रीनिंग, कन्सेप्ट टेस्टिंग हे सगळे कागदी सोपस्कार आहेत. खरी परीक्षा बाजारात होते, म्हणून जे हातात आहे ते लवकर उतरवा."

आकड्याबद्दल. कॅस्टेलियन आणि मार्कहॅम या दोन अभ्यासकांनी २०१३ मध्ये हाच समज तपासून पाहिला. उपलब्ध संशोधनात लाँच झालेल्या उत्पादनांच्या अपयशाचं प्रमाण त्यांना साधारण ४० टक्के दिसलं. उद्योगानुसार ते थोडं खालीवर होतं, पण ९५च्या जवळपासही जात नाही. माझ्या मते गोंधळ छेदाचा आहे. सुचलेल्या सगळ्या कल्पना छेदात धरल्या तर अपयश प्रचंड दिसणारच. तोच आकडा लाँच झालेल्या उत्पादनांना चिकटवला की झाला मेसेज तयार.

मग कल्पना मरतात कुठे? बूझ, अ‍ॅलन अँड हॅमिल्टन या सल्लागार कंपनीचा १९६८चा अभ्यास इथे अजूनही उपयोगी पडतो. ५८ कल्पनांपैकी पहिल्या चाळणीनंतर, म्हणजे आयडिया स्क्रीनिंगनंतर, सुमारे १२ उरल्या. नफ्यातोट्याचा हिशेब मांडल्यावर ७, प्रत्यक्ष उत्पादन घडवताना ३, बाजार चाचणीनंतर २ आणि शेवटी यशस्वी एक. म्हणजे ४६ कल्पना पहिल्याच दारात गेल्या, जिथे खर्च होतो तो फक्त काही लोकांच्या वेळेचा. ही पडझड व्हावी म्हणूनच चाळणी ठेवलेली असते. याच कंपनीच्या १९८१च्या पाहणीत एका यशामागे सातच कल्पना लागत होत्या.

चाळणी चुकत नाही असं मात्र नाही. चेस्टर कार्लसनच्या झेरोग्राफी या फोटोकॉपीच्या तंत्राला १९३९ ते १९४४ या काळात वीसहून अधिक कंपन्यांनी नकार दिला होता. चांगली कल्पना हातची जाणं हा या टप्प्याचा खरा धोका आहे, आणि त्यावर मेसेज अवाक्षर काढत नाही.

"कागदी सोपस्कार" म्हणणाऱ्यांनी इरिडियम या उपग्रह फोन सेवेकडे पाहावं. मोटोरोलाच्या अभियंत्यांना १९८७ मध्ये कल्पना सुचली: पृथ्वीभोवती खालच्या कक्षेत उपग्रहांचं जाळं विणायचं आणि कुठूनही फोन करता येईल अशी सोय करायची. ग्राहक ठरला देशोदेशी फिरणारा व्यावसायिक. त्या काळी मोबाईल सेवा तुटक आणि महाग होती, त्यामुळे हिशेब अगदीच वेडा नव्हता.

पण दोन गोष्टी कागदावरच दिसण्यासारख्या होत्या. एक, उपग्रहाचा सिग्नल मिळायला मोकळं आकाश लागतं, आणि हा ग्राहक दिवसभर इमारतीत किंवा गाडीत बसलेला. दुसरी, उपग्रह घडवून वर जाईपर्यंत जमिनीवरचं मोबाईल जाळं थांबून राहणार नव्हतं. "जगात कुठूनही बोलता येणारा फोन हवा का?" याला कोण नाही म्हणेल? कन्सेप्ट टेस्टिंगमध्ये विचारायचा प्रश्न असा असतो: जवळपास अर्ध्या किलोचा, सुमारे ३,००० डॉलरचा, छपराखाली न चालणारा फोन तुम्ही घ्याल का?

सेवा १ नोव्हेंबर १९९८ला सुरू झाली तेव्हा ६६ उपग्रहांचं जाळं उभं होतं आणि खर्च पाच अब्ज डॉलरच्या घरात गेला होता. ऑगस्ट १९९९ मध्ये इरिडियम कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे ही सगळी मालमत्ता सुमारे अडीच कोटी डॉलरला विकली गेली. नव्या मालकांनी तेच उपग्रह वापरून जहाजं, सैन्य, दुर्गम भागातली कामं अशा ग्राहकांवर धंदा चालवला. तंत्रज्ञान तेच, चुकला होता तो ग्राहकाचा अंदाज. मेसेजच्या मोजणीत मात्र याची नोंद "लाँचनंतर आपटलं" अशीच होणार.

"लवकर उतरवा" हे कुठे चालतं? सॉफ्टवेअरमध्ये बऱ्याचदा चालतं. आज दिलेलं उद्या मागे घेता येतं आणि थोड्या वापरकर्त्यांवर आधी तपासून पाहता येतं. इरिडियमला ती सोय नव्हती. असं जाळं एका शहरापुरतं सुरू करून पाहता येत नाही, कारण उपग्रह सगळ्या पृथ्वीभोवती फिरत असतात. जिथे बाजार चाचणी अशक्य आहे, तिथे व्यवसाय विश्लेषण, म्हणजे नफ्यातोट्याचा हिशेब, एकदा करून फाइलबंद करणं महागात पडतं. पैशाचा प्रत्येक मोठा हप्ता सोडण्याआधी ते नव्याने मांडायला हवं. साचे, यंत्रं, कारखाना लागणाऱ्या वस्तूंचंही थोड्याफार फरकाने तसंच.

तुमच्याकडचे टप्पे खरोखरच कागदी झालेत का, हे ओळखणं सोपं आहे. गेल्या वर्षभरात विकासाच्या टप्प्यावर किती प्रकल्प थांबवले ते मोजा. उत्तर शून्य असेल, तर प्रकल्प कोणत्या अटीवर बंद करायचा हे सुरुवातीला लिहून ठेवलं होतं का, ते विचारा. बहुतेक ठिकाणी ते लिहिलेलंच नसतं. मग बैठकीत "एवढा खर्च झालाय, आता कसं थांबवणार" हे वाक्य येतं आणि प्रकल्प पुढच्या टप्प्यात सरकतो.