‘दहा सेकंदांत लेबल वाचा’ : त्या फॉरवर्डमधल्या चार सूचना तपासून पाहू

“पाकिटामागचं लेबल वाचायला १० सेकंद पुरतात. १०० ग्रॅमचा रकाना सोडून द्या, एवढं कोण खातं? सरळ ‘पर सर्व्ह’मधली साखर आणि फॅट बघा, ज्यात कमी ते घ्या. ‘ॲडेड शुगर ०’ असेल तर मुलांना बिनधास्त द्या. फॅट जास्त दिसलं की पाकीट खाली ठेवा. टक्के एक आकडी असतील तर काळजी नको. सगळ्या ग्रुपवर पाठवा!”

सर्व्ह ठरवतं कोण?

भारतात एका सर्व्हचं, म्हणजे एका वेळी खाण्यासाठी धरलेल्या भागाचं, वजन उत्पादक स्वतः ठरवतो. बिस्किटांचा सर्व्ह अमुक ग्रॅमचाच असावा असं बंधन नाही. त्यामुळे दोन पाकिटांचे ‘पर सर्व्ह’ आकडे शेजारी ठेवले तर बहुतेक वेळा दोन वेगळी वजनं ताडली जातात.

हिशेब करून पाहू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण दुकानात असेच आढळतात. ‘अ’ पाकिटाचा सर्व्ह २ बिस्किटांचा, १२ ग्रॅम. त्यात साखर ३.४ ग्रॅम, फॅट २.४ ग्रॅम. ‘ब’चा सर्व्ह ४ बिस्किटांचा, २५ ग्रॅम, साखर ५.५, फॅट ३.५. फॉरवर्डप्रमाणे ‘अ’ जिंकलं. आता सर्व्हमधल्या आकड्याला सर्व्हच्या वजनाने भागा आणि शंभराने गुणा. ‘अ’मध्ये १०० ग्रॅमला साखर २८.३ ग्रॅम आणि फॅट २०. ‘ब’मध्ये साखर २२ आणि फॅट १४. निकाल उलटला, आणि लेबलवर खोटं कुणीच लिहिलेलं नव्हतं.

हा भागाकार सहसा करावाही लागत नाही, कारण नियमानुसार १०० ग्रॅम किंवा १०० मिलीचे आकडे लेबलवर असतात. एका वेळी संपणाऱ्या छोट्या पाकिटावर त्याऐवजी अख्ख्या पाकिटाचा आकडा असू शकतो. तिथे निव्वळ वजनाने भागायचं.

तरी “एवढं कोण खातं” या शंकेत तथ्य आहे. १०० ग्रॅमचा रकाना एकाच जातीच्या दोन पदार्थांची तुलना करायला आहे. पोटात किती जातं ते आपण खातो त्या वजनावरून काढायचं. चहाबरोबर ५ बिस्किटं जात असतील, तर ‘अ’ची ५ म्हणजे ३० ग्रॅम, म्हणजे साखर ८.५ ग्रॅम आणि फॅट ६. चहाचा चमचा साधारण ५ ग्रॅमचा धरला तर ही पावणेदोन चमचे साखर झाली, आणि त्यात चहातली धरलेली नाही.

आइस्क्रीमशी मात्र सांभाळून. काही डब्यांवर आकडे १०० ग्रॅमचे असतात, काहींवर १०० मिलीचे. आइस्क्रीममध्ये हवा भरलेली असते, म्हणून १०० मिलीचं वजन ५५ ग्रॅमच्या आसपासच भरतं. एका डब्यावर १०० ग्रॅमला २० ग्रॅम साखर आणि दुसऱ्यावर १०० मिलीला १३ ग्रॅम असेल, तर दुसरा कमी गोड वाटतो. पहिल्याचे १०० मिली काढले तर साखर ११ ग्रॅम निघते, म्हणजे दुसराच जास्त गोड. रकान्याच्या डोक्यावर ग्रॅम आहे की मिली, हे आधी बघायचं.

शून्य ॲडेड शुगरमधली साखर

लेबलवर ‘टोटल शुगर्स’ ही ओळ असते आणि तिच्याखाली ‘ॲडेड शुगर्स’. खालची वरचीचाच भाग असते, म्हणून दोन्हींची बेरीज करायची नाही (ही चूक बरेच जण करतात आणि उगाच घाबरतात). वरचीतून खालची वजा केली की पदार्थातली मुळातली साखर उरते.

ती उरलेली साखर कुठून आली, यावर सगळं अवलंबून आहे. फळांच्या स्वादाच्या दह्यात टोटल १४ आणि ॲडेड ९.५ असेल, तर उरलेले ४.५ ग्रॅम दुधातलं लॅक्टोज आहे. साध्या दह्यातही ते जवळपास इतकंच असतं, त्याची चिंता नको. पण शंभर टक्के फळांच्या रसाच्या खोक्यावर ॲडेड शून्य आणि टोटल १०० मिलीला १०च्या आसपास असते. २०० मिलीचं खोकं संपलं की २० ग्रॅम, म्हणजे चार चमचे. फळ चावून खाताना या साखरेबरोबर तंतू असतात आणि वेळही लागतो. रस दोन मिनिटांत संपतो. जागतिक आरोग्य संघटना तर रसातली साखर वरून घातलेल्या साखरेबरोबरच मर्यादेत मोजते.

माल्टोडेक्स्ट्रिन तर साखरेच्या कुठल्याच ओळीत दिसत नाही. ते स्टार्चपासून बनतं आणि लेबलवर कार्बोहायड्रेटमध्ये मोडतं, पण रक्तातलं ग्लुकोज झपाट्याने वाढवतं. ते घटकांच्या यादीत शोधावं लागतं. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. एक पळवाट मात्र लक्षात ठेवा: साखर, इन्व्हर्ट सिरप आणि ग्लुकोज सिरप अशी गोडी तीन नावांत वाटली गेली की एकही नाव पहिलं येत नाही, पहिला येतो मैदा.

फॅट किती, आणि कोणतं

भाजलेल्या शेंगदाण्यांत १०० ग्रॅमला ५० ग्रॅमच्या आसपास फॅट असतं. फॉरवर्डच्या नियमाने ते पहिल्या फटक्यात बाद. आता ‘सॅच्युरेटेड फॅट’ची ओळ वाचा, कारण जास्त जपायचं ते याच फॅटला: दाण्यांत ती साधारण ७ ते ८ ग्रॅम. ‘अ’ बिस्किटं पाम तेलात बनली असतील तर त्यांच्या २० ग्रॅम फॅटपैकी ९.५ सॅच्युरेटेड असणं सहज शक्य आहे, कारण पाम तेल जवळपास निम्मं सॅच्युरेटेडच असतं. ३० ग्रॅम दाण्यांतून साधारण २.३ ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट मिळतं आणि ३० ग्रॅम बिस्किटांतून २.८. एकूण फॅट दाण्यांत अडीच पट असूनही! कॅलरी मात्र दाण्यांत जास्त, त्यामुळे मूठभरच.

‘लो फॅट’ या शिक्क्याला घन पदार्थासाठी १०० ग्रॅमला ३ ग्रॅमची कमाल मर्यादा आहे. साखरेबद्दल तो काहीच सांगत नाही. वरचं दही ‘लो फॅट’ असलं तरी १०० ग्रॅमच्या वाटीत जवळपास दोन चमचे वरची साखर आहेच.

एक आकडी टक्के

‘आरडीए’चे, म्हणजे दिवसभरासाठी ठरवलेल्या प्रमाणाचे, टक्के एका सर्व्हसाठी काढलेले असतात. ते दिवसाला २००० कॅलरी, ६७ ग्रॅम फॅट, २२ ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट, ५० ग्रॅम ॲडेड शुगर आणि २००० मिलीग्रॅम सोडियम यांवर बेतलेले आहेत. ‘अ’ची ३.४ ग्रॅम साखर सगळी वरून घातलेली धरली तर टक्के होतात ७. पण ते दोन बिस्किटांचे. पाच खाल्ली की १७, आणि १२० ग्रॅमचं पाकीट संपवलं तर ६८. सर्व्ह निम्मा केला की टक्केही आपोआप निम्मे होतात.

शिवाय ही ५० ग्रॅम साखर म्हणजे कमाल मर्यादा आहे, प्रथिनांसारखी भरून काढायची गरज नव्हे. एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांवरून ती येते: २०० कॅलरी भागिले ४. जागतिक आरोग्य संघटना शक्य असेल तर ५ टक्क्यांखाली, म्हणजे २५ ग्रॅमच्या आत राहा असं सुचवते. ती धरली तर पाच बिस्किटांचे १७ टक्के थेट ३४ होतात.

लहान मुलांसाठी छापील टक्के वाचूच नयेत, कारण त्यांची गरज २००० कॅलरींची नसते. मुलाची गरज १४०० कॅलरी धरली तर १० टक्क्यांची मर्यादा ३५ ग्रॅमवर येते, आणि त्याच पाच बिस्किटांतली ८.५ ग्रॅम साखर त्याच्यासाठी २४ टक्के होते. पाकिटावर तेव्हाही ७च छापलेलं असतं.