मतदार यादीचा फोटो आणि 'दोन मिनिटांत एक्सेल'

ग्रुपांवर फिरणारा दावा: "मतदार यादीच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा, ग्रुपवर टाका, कोणत्याही ओसीआर ॲपमधून मजकूर कॉपी करून एक्सेलमध्ये पेस्ट करा. अनुक्रमांक, नाव, वय आपोआप ओळीत येतं. वेगळं तपासावं लागत नाही."

फोटोपासूनच सुरुवात करू. ओसीआरला, म्हणजे चित्रातली अक्षरं वाचून मजकूर बनवणाऱ्या प्रोग्रामला, साधारण 300 डीपीआय लागतात. इंचाला 300 पिक्सेल, म्हणजे ए-फोर पानाची उंची सुमारे 3500 पिक्सेल. पान चौकटभर घेतलं तर 12 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात तेवढे मिळतात. पण व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की लांब बाजू सुमारे 1600 पिक्सेलवर येते, आणि हाती उरतात जेमतेम 137 डीपीआय. एवढ्यावर अनुस्वार पुसट होतो, १ आणि ९ सारखे दिसू लागतात. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवावा. त्या भागाच्या यादीची पीडीएफ मिळत असेल तर फोटो काढूच नये.

आता 'आपोआप ओळीत' या भागाकडे, कारण खरी चूक इथेच आहे. यादीच्या भरलेल्या पानावर तीन स्तंभ आणि दहा ओळी असे 30 चौकोन असतात. ओसीआर बहुधा पान आडवं वाचतं, त्यामुळे तीन शेजाऱ्यांची नावं एका ओळीत आणि त्यांच्या वडिलांची किंवा पतींची नावं पुढच्या ओळीत येतात. एखादं लांब नाव दुसऱ्या ओळीवर गेलं की ती ओळ कोणाची, हे कॉपी केलेल्या मजकुरावरून सांगताच येत नाही.

म्हणून आधी कापायचं, मग वाचायचं. पानाचे चार कोपरे धरून ते सरळ करा, आडव्या-उभ्या रेघा शोधा आणि प्रत्येक चौकोन रेघेच्या थोडा आतून कापा. देवनागरीत इथे एक खास धोका आहे. आडव्या रेघा शोधणारी पट्टी आखूड ठेवली तर ती शिरोरेषेलाही रेघ समजते. मग तशा रेघा पुसल्या की नावाची अक्षरं सुटी पडतात. 300 डीपीआयला एक चौकोन साधारण 750 ते 800 पिक्सेल रुंद असतो. पट्टी 400 पिक्सेलची ठेवली तर शब्द तिच्यात सापडत नाहीत, चौकटच सापडते. आणि रेघा पुसायच्याच नाहीत, त्यांचा उपयोग फक्त कापण्याची जागा कळण्यापुरता. मग एकेक चौकोन टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रामला वाचायला द्या:

```
tesseract r05c3.png - -l mar --psm 6
```

फाइलच्या नावात ओळ आणि स्तंभ ठेवला आहे, तो पुढे कामाला येतो. नाव घेताना 'नाव' असलेली ओळ शोधू नका, कारण वडिलांच्या किंवा पतीच्या ओळीतही तोच शब्द असतो. मतदाराच्या नावाचं लेबल संपल्यापासून पुढचं लेबल सुरू होईपर्यंतचा सगळा मजकूर घ्या, म्हणजे दोन ओळींत मोडलेलं नावही अख्खं येतं. वय म्हणजे 'वय' आणि 'लिंग' यांच्यामधला आकडा. पहिला दिसणारा आकडा घेतलात तर घर क्रमांक वयाच्या रकान्यात जाऊन बसेल.

'तपासावं लागत नाही' हे तर मला सर्वांत घातक वाटतं, कारण अनुक्रमांकाची तपासणी पान स्वतःच करून देतं. क्रमांक डावीकडून उजवीकडे जातात. पान 31 पासून सुरू होत असेल तर पाचव्या ओळीतल्या तिसऱ्या चौकोनात 31 + 4×3 + 2 = 45 हवा. उलटही करता येतं: वाचलेल्या प्रत्येक क्रमांकातून त्याच्या जागेचं अंतर वजा करा. बहुतेक चौकोन 31 देतील. ४५ चा ९५ वाचला गेला असेल तर तो एकटाच 81 देईल आणि पकडला जाईल. एकही चौकोन कापताना सुटला, तर पुढचे सगळे आकडे सरकलेले दिसतील.

वयाला असा आधार नाही. 18 पेक्षा कमी आलं तर चूक उघड आहे, पण ४१ चं ४९ झालं तर कुठलाच नियम ओरडत नाही. यावर मला भरवशाचा वाटणारा उपाय एकच: वयाची पट्टी मूळ आकारात आणि दुप्पट मोठी करून अशी दोनदा वाचा, दोन उत्तरं वेगळी आली तिथे कापलेलं चित्र शेजारी ठेवून डोळ्यांनी ठरवा. दोन्ही वेळा एकच चूक होऊ शकते, म्हणून १ आणि ९ असलेली वयं जुळली तरी पाहून घ्यावीत.

वगळलेल्या नावावर तिरका शिक्का असेल तर ओसीआर त्या चौकोनाचं काहीही वाचतं. तो चौकोन टाकून देऊ नका, नाहीतर क्रमांकांची साखळी तुटते. वेगळ्या रकान्यात 'वगळलेले' अशी नोंद करा. शेवटी आणखी एक रकाना ठेवा, पानावर छापलेल्या अर्हता दिनांकाचा. यादीतलं वय त्या तारखेचं असतं. 2022 पासून 1 जानेवारीबरोबरच 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर याही अर्हता तारखा आहेत, त्यामुळे दोन याद्या एकत्र करताना एकाच माणसाच्या वयात एका वर्षाचा फरक दिसला तर तो वाचण्यातला दोष असेलच असं नाही.