गल्ल्यात सत्तावीस रुपये कमी

आज संध्याकाळी भाचीचा गृहपाठ बघितला आणि डोकंच फिरलं. तिसरीची वर्कशीट, विषय 'नाणी आणि नोटा'. वीस गणितं, आणि वीसही एकच. रामूने ३७ रुपयांची वही घेतली, ५० ची नोट दिली, किती परत मिळतील? सीमाने ४५ रुपयांचा कंपास घेतला, १०० ची नोट दिली, किती परत मिळतील? वर सजावट म्हणून हजाराच्या नोटेचं चित्र. २०१६ साली बंद झालेली हजाराची नोट! शेजारी पंचवीस पैशाचं नाणं. पोरगी विचारते, "आत्या, हे काय आहे?" तिच्या जन्माच्या आधीच चलनातून गेलेल्या पैशांचे हिशेब ती करतेय.

बरं, उत्तरं काय लिहिली होती? पन्नासातून सदतीस गेले, राहिले सत्तावीस. शून्यातून सात जात नाहीत, मग सातातून शून्य वजा केला आणि पुढे गेली. पुढच्या गणितातही तेच. कुणाला काय फरक पडतो? रामूला सत्तावीस परत मिळाले काय नि तेरा मिळाले काय, रामू कुणाचा कोण? वहीवर फुली येईल, बस.

मी लहानपणी सुट्टीत बार्शीला मामाकडे जायचे. त्याचं किराणा दुकान. रात्री फळ्या लावायच्या आधी गल्ला मोजायचा, किर्दीतली शिल्लक काढायची आणि दोन्ही आकडे जुळले तरच घरी जेवायला. नाही जुळले तर मामी निरोप पाठवून थकायची, मामा उठायचा नाही. एका रात्री ४५ रुपयांचा फरक आला. नोकर घाबरला, चोरीचा आळ येतो की काय म्हणून. मामाने गल्ला पुन्हा मोजला, तेवढाच भरला. मग वही न उघडताच म्हणाला, "नवाने भाग जातोय. आकडा उलटा पडलाय." आणि रकान्यावरून बोट खाली नेत गेला. थांबला ते ७२ च्या उधारीपाशी, जी वहीत २७ म्हणून लिहिली होती. मला तो जादूगारच वाटला होता तेव्हा.

तर आज वर्कशीट बाजूला ठेवली आणि भाचीला एक गोष्ट सांगितली. थोडी आधीपासून मनात होती, थोडी तिथेच रचली.

एका शेठचं दुकान. शेठ वहीवर, पुतण्या बबल्या गल्ल्यावर. शेठ बिलाची रक्कम ओरडून सांगतो आणि स्वतः वहीत लिहितो. बबल्या ऐकतो, नोट घेतो, मोड परत देतो. सकाळी गल्ल्यात श्री शिल्लक २०० रुपये. दिवसभरात पाच गिऱ्हाइकं:

जोशीकाकू: बिल ६३, दिले १००
पोस्टमन: बिल ४५, दिले ५०
गुरुजी: बिल ८२, दिले १००
दूधवाला: बिल ५८, दिले १००
शिंपीदादा: बिल २८, दिले ५०

(खऱ्या किर्दीत गिऱ्हाइकाने कितीची नोट दिली हे कुणी लिहीत नाही. गोष्टीसाठी शेठला जरा जास्तच चौकस केलाय. माझ्या मित्रयादीतल्या सीएंनी सोडून द्यावं.)

रात्री बिलांची बेरीज २७६. सकाळचे २०० धरून ४७६ हवेत. गल्ल्यात निघाले ४४९. सत्तावीस कमी. शेठच्या वहीतली बिलं बरोबर आहेत, म्हणजे मोड देताना कुठेतरी घोळ झाला. कुणाला जास्त गेले?

इथे भाचीने पेन्सिल उचलली. मी सांगितलं नव्हतं. आधी तिने पाचही जणांना किती परत जायला हवे होते ते काढलं: ३७, ५, १८, ४२, २२. म्हणजे वर्कशीटवरची तीच गणितं, हातचे घेऊन, कुरकुर न करता! यातलं एकजरी चुकलं तर चोर सापडणार नाही हे तिला कळत होतं. मग तिने पोस्टमनवर संशय घेतला, पाचाऐवजी पन्नास दिले असतील म्हणून. पण मग ४५ कमी पडले असते. खोडलं. शिंपीदादाचे २२ उलटे केले तरी २२. हसली आणि खोडलं.

मग मी तिला मामाची युक्ती दिली. दोन अंकी आकड्याचे अंक उलटे झाले की फरक नेहमी नवाच्या पाढ्यातला येतो. कारण सोपं आहे. ६३ चे ३६ झाले, म्हणजे तीन दशक गेले आणि त्यांच्या जागी तीन सुटे आले. तीस गेले, तीन आले, सत्तावीस कमी. अंकांत तीनचा फरक असेल तर नऊ त्रिक सत्तावीस, पाचचा असेल तर नवा पाचा पंचेचाळीस. म्हणूनच मामाचं बोट रकान्यावरून सरसर खाली जायचं. तो बेरीज तपासतच नव्हता, ज्याच्या अंकांत पाचचा फरक आहे असाच आकडा शोधत होता.

सत्तावीस म्हणजे अंकांत तीनचा फरक. यादीत असे दोनच, ६३ आणि ५८. परत द्यायच्या पैशांत तर एकही नाही. आता दोघांपैकी कोण? भाची इथे बराच वेळ अडकली आणि मी गप्प बसले (हे मला फार जड जातं, ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे). दूधवाल्याचे ५८ बबल्याने ८५ ऐकले असते, तर त्याने ४२ ऐवजी १५ च परत दिले असते. फरक बरोब्बर सत्तावीसच, पण गल्ल्यात जास्त! आपल्याकडे तर कमी आहेत. म्हणजे जोशीकाकूंचे ६३ त्याने ३६ धरले आणि ३७ ऐवजी ६४ परत दिले. "जोशीकाकू!" एवढ्या जोरात ओरडली की आमच्या खऱ्या शेजारच्या काकूंनी दार उघडलं.

दूधवाल्याला मुद्दामच ५८ चं बिल लावलं होतं. फरक काढून मुलं थांबतात, तो कुठल्या बाजूला आहे ते बघत नाहीत.

आणि बबल्या चुकला का? तर शेठ ओरडला 'त्रेसष्ट'. कानावर आधी तीन येतो, मग साठ. पोराने आधी तीन लिहिला, पुढे सहा. मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही ही चूक परकी नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतोय ना? मीही नाकं मुरडणाऱ्यांत होते. अजूनही मला त्रेसष्टच प्रिय आहे. पण त्या बदलामागे काहीच कारण नव्हतं असं म्हणता येत नाही, जाऊ दे.

गोष्टीच्या शेवटी शेठ बबल्याला मोड कशी द्यायची ते दाखवतो, आणि मला हाच भाग सगळ्यात आवडतो. मामा वजाबाकी कधीच करायचा नाही. ६३ चं बिल, शंभरची नोट. दोनचं नाणं ठेवत "पासष्ट", पाचाचं ठेवत "सत्तर", दहाची नोट "ऐंशी", विसाची नोट "शंभर". झाले सदतीस, हातचा नाही, उसना नाही. आणि हे गिऱ्हाइकाच्या तळहातावर मोठ्याने बोलून. बबल्याने असं मोजायला सुरुवात केली असती तर पहिल्याच शब्दाला काकू म्हणाल्या असत्या, "छत्तीस कुठले रे, त्रेसष्ट झालेत!" रात्रीपर्यंत प्रकरण गेलंच नसतं. शाळेत ही रीत का दाखवत नाहीत? दाखवतात आडवी रेघ, उभी मांडणी आणि शून्यातून सात जात नाहीत.

आता कुणीतरी येऊन सांगणारच की हल्ली सगळे स्कॅन करतात, मोड कोण मागतं. मान्य, आमचा भाजीवालासुद्धा कोड पुढे करतो. त्यामुळे तर मुलांच्या हातात नाणी येतच नाहीत, मग निदान गोष्टीत तरी येऊ द्या की! आणि हो, एका वर्गात पन्नास मुलं असली की बाईंना पटकन तपासता येईल असंच काहीतरी लागतं, हेही कळतं मला. बाईंवर राग नाहीच. राग आहे तो वीस वेळा तेच छापणाऱ्यावर आणि हजाराची नोट चिकटवणाऱ्यावर.

युक्तीला मर्यादा आहेत हेही भाचीला सांगितलं, नाहीतर उद्या प्रत्येक फरकाला नवाने भागत सुटेल. फरक नवाने भागला जातो म्हणजे अंक उलटलेच असं नाही, विसाची नोट, पाचाचं आणि दोनाचं नाणं गल्ल्याखाली पडलं तरी सत्तावीसच. म्हणून मामा आधी गल्ला पुन्हा मोजायचा. दोन चुका एकदम झाल्या तर युक्ती हात टेकते. आणि मामाची आणखी एक सवय होती. फरक सम असला की तो त्याच्या निम्म्या रकमेची नोंद शोधायचा. जमेची रक्कम चुकून नावे बाजूला पडली की फरक दुप्पट येतो.

ही गोष्ट आत्ता एका मैत्रिणीला फोनवर सांगितली तर ती म्हणाली, "छान आहे गं, पण शेवटी जोशीकाकू पैसे परत आणून देतात असं कर, प्रामाणिकपणाचा संस्कार होईल." अगं बाई! काकूंना वहीतून शोधून काढायचंय, त्या आपल्या पायाने चालत आल्या तर कोडं कुठे उरलं? संस्काराच्या नावाखाली गोष्टीतली गंमत तेवढी काढून टाकतो आपण. मुलीला त्या क्षणी प्रामाणिकपणा नको होता, तिला सत्तावीस रुपये हवे होते.

जाऊ दे, चिडणार नव्हते. भाची झोपायच्या आधी "उद्याची वही दे" म्हणाली, तेव्हा ही दिलीय. तुम्हीही बघा. दुसऱ्या दिवशी गल्ल्यात ३६ रुपये *जास्त* निघाले. सगळी बिलं शेठने बरोबर लिहिलेली आहेत:

पाटीलवहिनी: बिल ५१, दिले १००
कंडक्टर: बिल २७, दिले १००
वाचनालयातले काका: बिल ८४, दिले १००
इस्त्रीवाला: बिल ४८, दिले ५०

नऊ चोक छत्तीस, म्हणून चारचा फरक शोधायला जाल. बिलांच्या रकान्यात तसे एक सोडून तीन सापडतील. तिघांनाही सोडून द्या, आणि मग मोड काढा.